चौदा महिने वापरल्यावर: सेव्हिंग, स्वीप-इन एफडी आणि लिक्विड फंड, इमर्जन्सीचे पैसे तिन्हीकडे ठेवून बघितले

आम्ही ऐरोलीला राहतो. गेल्या वर्षी इमर्जन्सीचे म्हणून पावणेचार लाख बाजूला काढले आणि कुठे ठेवायचे यावर आमची बरीच चर्चा झाली. शेवटी साधारण पंचवीस हजार सेव्हिंगला, खात्यात कमी पडले की तेवढ्यापुरत्या आपोआप मोडणाऱ्या दीड लाखाच्या स्वीप-इन एफडी (पन्नास-पन्नास हजारांच्या तीन) आणि दोन लाख लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे लावणाऱ्या म्युच्युअल फंडात, असं केलं. सेव्हिंग आणि एफडी दोघांच्या नावावर, ‘कोणीही एक किंवा हयात’ पद्धतीने, लिक्विड फंड मात्र फक्त ह्यांच्या नावावर कारण मोबाइलवर पाच मिनिटांत तसा उघडला गेला. त्या पाच मिनिटांची किंमत नंतर कळली.

एका शनिवारी रात्री ह्यांच्या पोटात असह्य दुखायला लागलं, रिक्षाने कळव्यावरून ठाण्याला हॉस्पिटलात पोचलो, अपेंडिक्स निघालं. मेडिक्लेम आहे पण कॅशलेसची मंजुरी येईपर्यंत डिपॉझिट भरा म्हणाले, 75,000. खात्यात पगाराचे धरून 38,400 होते. मी डेबिट कार्ड लावलं तर डिक्लाइन! मला वाटलं एफडी मोडलीच नाही, पण बघितलं तर कार्डाची दिवसाची मर्यादाच मी कधीतरी 50,000 करून ठेवली होती. काउंटरवर उभं राहूनच बँकेच्या ॲपमध्ये ती एक लाख केली, परत कार्ड लावलं आणि झालं. रात्री पावणेदहाला, शनिवारी, कोणालाही न विचारता.

नंतर स्टेटमेंट नीट बघितलं. कमी पडत होते 36,600, आमच्या बँकेत एफडी हजाराच्या पटीत मोडते म्हणून 37,000 मोडले, आणि सगळ्यात शेवटी केलेली एफडी आधी मोडली, जी 64 दिवसांचीच होती. त्यामुळे ठरलेले साडेसहा टक्के मिळाले नाहीत, तेवढ्या दिवसांना जो दर होता तो साडेचार, त्यातून एक टक्का दंड वजा, म्हणजे साडेतीन. व्याज 227 रुपये. साडेसहाने 422 झालं असतं, सेव्हिंगच्या अडीच टक्क्यांनी 162. म्हणजे नुकसान दोनशेच्या आत, आणि तरी सेव्हिंगपेक्षा जास्तच. मोडलं तर व्याज जातं म्हणून लोक स्वीपला घाबरतात, पण मोडलेल्या तुकड्याचंच व्याज कमी होतं, बाकीचे 1,13,000 जसेच्या तसे राहिले.

लिक्विड फंडाचा अनुभव रविवारी आला. ऑपरेशन झालेलं, पुढचं बिल किती येईल माहीत नाही, म्हणून तिथून पैसे काढायला घेतले. धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, इन्स्टंट आहे ना, सगळे काढा." सगळे निघत नाहीत. इन्स्टंट रिडेम्प्शनला एका स्कीममधून दिवसाला 50,000 किंवा शिल्लकेच्या 90 टक्के, जे कमी असेल तेवढंच. ते 50,000 मात्र रविवार असूनही काही मिनिटांत आले. अजून एक लाखाची नेहमीची रिक्वेस्ट टाकली, ती रविवारची असल्याने सोमवारची धरली गेली आणि पैसे मंगळवारी आले. शुक्रवारी दुपारी तीनच्या आत टाकली असती तर सोमवारी आले असते, शुक्रवारी तीननंतर टाकली तरी मंगळवारच. लिक्विड फंड वाईट नाही, आमच्या चौदा महिन्यांत परतावा तिन्हीत तिथेच जास्त मिळाला आणि सात दिवसांनंतर पैसे काढताना कापला जाणारा एक्झिट लोडही नाही. पण मधे सुट्टी आली की ते शनिवारी रात्रीचे पैसे नाहीत.

आणि खरी अडचण वेगळीच होती. फंडाचं ॲप ह्यांच्या फोनवर, ओटीपी ह्यांच्या नंबरवर, पिन ह्यांच्या डोक्यात. ऑपरेशननंतर गुंगीत असलेल्या माणसाचा अंगठा धरून मी फोन उघडला आणि पिन त्यांच्याकडून दोनदा चुकीचा सांगितला गेला, तिसऱ्यांदा बरोबर लागला. नॉमिनी मी आहे, पण नुसतं नॉमिनी असण्याचा त्या आजारपणात मला काही उपयोग झाला नाही. हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून लिहितेय.

क्लेम मंजूर झाल्यावर डिपॉझिट परत आलं, पण आमच्याकडची एफडी आपोआप भरत नाही, ती मी नवीन केली. आता स्वीपमध्ये अडीच लाख आहेत आणि लिक्विडमध्ये एक लाख, तेही माझ्या नावावर वेगळ्या फोलिओत, म्हणजे फंडातल्या वेगळ्या खात्यात. दोघांच्या नावावर फोलिओ होतो, पण आमच्या फंड हाऊसकडे त्याला इन्स्टंटची सोय नाही. उलट सगळं सेव्हिंगमध्ये ठेवायचं तर अडीच टक्क्यांवर मला पटत नाही, तिथे एक महिन्याचा घरखर्च बास.

दर तीन महिन्यांनी एका रविवारी हे माझ्या फोनवरून, मला काही न विचारता, त्या फंडातून हजार रुपये इन्स्टंट काढून बघतात. मागच्या वेळी पिन आठवायला दोन मिनिटं लागली, मग तो कपाटातल्या मेडिक्लेमच्या फाइलमध्ये लिहून ठेवला.