सांत्वनाच्या पत्रात कुठला श्लोक? ‘वासांसि जीर्णानि’, ‘मरे एक त्याचा’ की दोन ओंडके

मित्राच्या घरी कोणी गेलं की चार ओळी लिहायच्या असतात आणि त्यात एखादा श्लोक असावा असं वाटतं, कारण आपले शब्द अपुरे पडतात. आता यातला कुठला घ्यायचा यावर मी दोनदा अडलोय, एकदा चुकलोय, म्हणून लिहितोय. श्लोक पाठ असतील असं धरून चालतो.

पहिला अर्थात गीतेतला, दुसऱ्या अध्यायातला 22वा, ‘वासांसि जीर्णानि यथा विहाय’. जुने कपडे टाकून माणूस नवे घेतो तसा आत्मा जुनं शरीर टाकतो. हा सगळ्यांना माहितीये, अर्थ सांगावा लागत नाही, आणि घरात श्रद्धा असेल तर आधारही देतो, हे मी नाकारत नाही. माझ्या एका मित्राचा धाकटा भाऊ चौतीसाव्या वर्षी गेला तेव्हा मी हाच लिहून पाठवला, वर अर्थही लिहिला, स्वतःच्या अक्षरात, फार बरं पत्र लिहिलं असं वाटलं मला. सातआठ महिन्यांनी बोलता बोलता तो म्हणाला, ‘पत्र मिळालं होतं रे तुझं. फक्त एक सांग, त्याचे कपडे कुठे जीर्ण झाले होते?’

रागाने नाही म्हणाला, हसतच म्हणाला, पण मला आजही तो शब्द दिसला की ते वाक्य ऐकू येतं. श्लोकात ‘जीर्णानि’ दोनदा आहे, कपड्यांना एकदा आणि शरीराला एकदा, मी लिहिताना दोन्ही वेळा वाचला आणि एकदाही डोक्यात आलं नाही. नव्वदीतल्या आजीसाठी तो शब्द अगदी चपखल बसतो. तरुण माणसासाठी तोच शब्द टोचतो, आणि टोचल्याचं समोरचा सांगतही नाही, सहसा.

मग वाटलं त्याच अध्यायातला 27वा घ्यावा, ‘जातस्य हि ध्रुवो मृत्युः’, त्यात वयाचा प्रश्नच नाही. पण त्याचा शेवट बघा, ‘न त्वं शोचितुमर्हसि’. तू शोक करणं योग्य नाही. म्हणजे ज्याचे डोळे अजून कोरडे झाले नाहीत त्याला आपण पत्रातून सांगतोय की रडू नकोस. आणि एक गोष्ट मला उशिरा सुचली, की हे सगळं अर्जुनाला युद्ध सुरू व्हायच्या आधी सांगितलंय, तोवर त्याचं कोणी गेलेलंच नाही, आणि हेतू त्याला लढायला उभं करायचा आहे. आपल्या मित्राला कुठे लढायचंय, त्याला फक्त आजचा दिवस काढायचाय.

मनाच्या श्लोकांतला 16वा मराठीत आहे ही त्याची मोठी जमेची बाजू. ‘मरे एक त्याचा दुजा शोक वाहे, अकस्मात तोही पुढे जात आहे’. कानाला गोड, लहानपणापासून म्हटलेला. पण पत्रात उतरवला की ‘तोही’ म्हणजे कोण? तर पत्र वाचणारा. आज तू रडतोयस, उद्या तुझा नंबर. शिवाय आपण पहिल्या दोन ओळींवर थांबलो तरी पुढच्या दोन त्याला पाठ असतात, त्यात लोभ पुरत नाही म्हणून पुन्हा जन्म घ्यावा लागतो असं येतं. स्वतःच्या मनाला बजावायला हा श्लोक उत्तम आहे (मनाचेच श्लोक आहेत ते), दुसऱ्याला पोस्टाने पाठवायला मला तरी धजत नाही.

आता तिसरा. ‘यथा काष्ठं च काष्ठं च समेयातां महार्णवे’. महासागरात दोन ओंडके वाहत एकमेकांजवळ येतात, काही काळ सोबत राहतात आणि मग वेगळे होतात. वाल्मीकी रामायणाच्या अयोध्याकांडात हा आहे, थोड्या फरकाने महाभारताच्या शांतिपर्वातही सापडतो. दशरथ गेल्यावर राम हे भरताला सांगतो. दोघांचेही वडील गेलेत, म्हणजे सांगणाराही दुःखातच आहे, काठावर उभा राहून उपदेश करणारा नाही. ही बातमी ऐकल्यावर तो स्वतः कुऱ्हाडीने तोडलेल्या फुललेल्या झाडासारखा कोसळला असं त्याआधी येतं, आणि मग त्याच्याच तोंडी ओंडक्यांची उपमा, हे मला फार खरं वाटतं.

यात ‘जीर्ण’ नाही, रडू नकोस नाही. पुनर्जन्मही नाही, त्यामुळे देव न मानणाऱ्या मित्रालाही चालतो. अर्थात थोडं आधी त्याच सर्गात राम भरताला ‘स्वतःचा शोक कर, दुसऱ्याचा कशाला करतोस’ असंही म्हणतो, तेव्हा अख्खा उतारा उचलून पाठवू नये, हा एकच घ्यावा.

दुसऱ्या एका मित्राचे वडील गेले तेव्हा मी असं लिहिलं. सुरुवातीला श्लोक नाही, आधी काकांची आठवण:

‘काकांनी मला पंक्चर काढायला शिकवलं होतं. ट्यूब बादलीत बुडवून ते म्हणायचे, घाई करू नको, बुडबुडा स्वतःच सांगेल भोक कुठेय. परवा बातमी कळल्यापासून ती बादलीच डोळ्यासमोर आहे. जुन्या लोकांनी म्हटलंय ना, समुद्रात दोन ओंडके जवळ येतात, थोडा वेळ सोबत वाहतात आणि लाट त्यांना वेगळं करते. तुझी त्यांच्याबरोबरची वाट बेचाळीस वर्षांची झाली, माझ्या वाट्याला त्यातल्या काही दुपार आल्या. रविवारी येतोय. बँकेचे कागद काढून ठेव, फॉर्म मी भरतो, तू फक्त सह्या कर.’

बघा, संस्कृत ओळ मी घातलीच नाही. पहिल्या मसुद्यात घातली होती, अवतरणचिन्हात, खाली अर्थ, तेव्हा पत्र वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसारखं दिसायला लागलं, म्हणून खोडली. श्लोक मधे ठेवला, कारण शेवटी ठेवला की तो निरोपासारखा वाचला जातो, विषय संपवल्यासारखा. श्लोकाला लागूनच ‘तुझी बेचाळीस वर्षं’ आहे हेही मुद्दाम, नाहीतर दोन ओंडके म्हणजे नुसता योगायोग, नातं काहीच नव्हतं असाही अर्थ निघू शकतो. हा या श्लोकाचा खरा तोटा आहे आणि तो बाजूच्या वाक्याने झाकावा लागतो. तुमच्या मित्राला गीता जवळची असेल आणि गेलेलं माणूस खरंच थकलेलं असेल तर 22वाच घ्या, मी अडवणार नाही. बाकी वेळी माझा हात ओंडक्यांकडेच जातो.

एक मात्र आहे, ज्यांचं मूल गेलं त्यांना मी हाही लिहिला नाही. त्या पत्रात मुलाचं नाव तीनदा लिहिलं, तो आमच्या घरी येऊन कॅरमची राणी खिशात लपवायचा ते लिहिलं, आणि खाली सही केली.