फास्टॅग घ्यावा की टोलला यूपीआय करावं?

रत्नागिरीचा माझा मावसभाऊ वर्षातून दोनदाच गाडीने पुण्याला जातो. "एवढ्यासाठी टॅगमध्ये पैसे अडकवू कशाला?" असं त्याचं म्हणणं.

आंबा घाट चढून कराडमार्गे गेलं की तासवडे, आणेवाडी आणि खेड शिवापूर असे तीन टोल लागतात. जाऊन-येऊन सहा. 15 नोव्हेंबर 2025 पासूनच्या नियमाप्रमाणे टॅग नसेल तर यूपीआयने सव्वापट टोल द्यावा लागतो. समजा प्रत्येक ठिकाणी 100 रुपये आहेत. टॅगवाल्याचे 600 जातील, यूपीआयवाल्याचे 750.

पैशांपेक्षा मला रांगेची काळजी जास्त वाटते. रेंज गेली की पेमेंट नुसतं फिरत राहतं आणि मागचे हॉर्न वाजवत बसतात. शिवाय वैध टॅग असून टोलनाक्याचं मशीनच बंद असेल, तर गाडी फुकट सोडायची असा नियम आहे. यूपीआयवाल्याला ती सवलत नाही.

टॅगलाही शिस्त लागते. तो काचेला आतून, आरशामागे नीट चिकटवा; हातात धरून दाखवू नका, असा टॅग काळ्या यादीत जातो. निघायच्या आदल्या रात्री बॅलन्स बघा. पुढच्या गाडीला चिकटून आत शिरू नका, दांडा तिच्यासाठी उघडलेला असतो आणि तुमच्या बॉनेटवर पडतो.

वर्षातून एकदाच, एखादाच टोल लागत असेल तर यूपीआय चालेल. भावाने मात्र टॅगच घ्यावा.