बिलिंगमधला ग्राहक आणि अ‍ॅपमधला ग्राहक तोच का? जुळवणीचे तीन मार्ग

लातूरच्या बी-बियाणे आणि खतांच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे मी हिशोब पाहतो. बिलं एका सॉफ्टवेअरमध्ये होतात, ऑर्डर दुसऱ्या अ‍ॅपमधून येतात. मालकांना एकाच कागदावर हवं होतं की कोणत्या दुकानाने किती ऑर्डर दिली आणि त्याच्याकडे उधारी किती. पण धाराशिव शाखेचं दुकान बिलिंगमध्ये `OSM/0214` आहे आणि अ‍ॅपमध्ये `DHR-00214`. जिल्ह्याचं नाव बदललं, पण बिलिंगमधला जुना कोड तसाच राहिला. तुमच्याकडेही असंच काही असेल, तर आधी ठरवावं लागतं की जुळवायचं कशावरून.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे अक्षरं काढून नुसता आकडा ठेवायचा. हा उपाय मी अजिबात सुचवणार नाही. लातूर शाखेतही 214 नंबरचं दुकान आहे. समजा लातूरच्या 214 कडे 86,000 उधारी आहे आणि धाराशिवच्या 214 कडे 31,000, म्हणजे एकूण 1,17,000. नुसत्या 214 वरून दोन्ही याद्या जोडल्या की बिलिंगमधली प्रत्येक ओळ अ‍ॅपमधल्या दोन्ही ओळींना चिकटते. दोनाच्या चार ओळी होतात आणि उधारी 2,34,000 दिसते. व्हीलूकअप वापरलं तर बेरीज फुगत नाही, पण ते पहिलं सापडलेलं 214 उचलतं आणि धाराशिवच्या ऑर्डरी लातूरच्या दुकानाच्या नावावर दिसू शकतात. ही चूक जास्त वाईट, कारण बेरीज बरोबर येते.

म्हणून पहिला मार्ग असा: आयडीवरून जुळवायचं, पण शाखा सोडायची नाही, फक्त साचा एक करायचा:

```
=IF(LEFT(A2,3)="OSM","DHR",LEFT(A2,3))&"-"&TEXT(VALUE(RIGHT(A2,4)),"00000")
```

काम दहा मिनिटांचं आहे आणि दर महिन्याला तेच सूत्र चालतं. मात्र ते एका गृहीतकावर उभं आहे: अ‍ॅपमधले नंबर बिलिंगवरूनच दिले होते. आमच्याकडे सुरुवातीला ते खरं होतं. नंतर नवी दुकानं दोन्हीकडे वेगवेगळ्या दिवशी नोंदली गेली आणि क्रम सुटला. `OSM/0281` उमरग्याचं दुकान निघालं आणि `DHR-00281` कळंबचं. साचा अगदी जुळला, पण माणसं वेगळी होती.

दुसरा मार्ग मोबाइल किंवा जीएसटी क्रमांकाचा. मोबाइलच्या पुढचा +91 किंवा शून्य, मधल्या जागा आणि रेघा काढून शेवटचे दहा अंक घ्या. क्रम सुटलेला असला तरी हा मार्ग चालतो, हे त्याचं बळ. पण आधी एकच नंबर किती ग्राहकांवर आहे ते मोजा. घाईत नोंद करताना सेल्समन स्वतःचाच नंबर टाकतात, आणि बाप-लेकाच्या दोन दुकानांना एकच मोबाइल असतो. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा, त्यातला पॅन मालकाचा. एकाच नोंदणीखाली राज्यात दोन दुकानं असू शकतात आणि लहान दुकानदाराकडे नोंदणी नसतेही. नावावर तर विसंबूच नका. ‘Krushi’ आणि ‘Krishi’ एकाच माणसाने दोन दिवशी लिहिलेलं असतं.

तिसरा मार्ग जोडतक्त्याचा: एका रकान्यात बिलिंगचा आयडी, दुसऱ्यात अ‍ॅपचा, तिसऱ्यात ही जोडी कशावरून ठरली ते. सुरुवातीला मेहनत आहे, आणि नवं दुकान आलं की ओळ वाढवण्याची जबाबदारी कोणावर तरी टाकावी लागते. ती टाकली नाही, तर तीन महिन्यांत तक्ता शिळा होतो.

रिपोर्ट एकदाच काढायचा असेल आणि नंबर कधी फिरलेले नसतील, तर पहिला मार्ग पुरे. दर महिन्याला काढायचा असेल, तर माझं मत ठाम आहे: जोडतक्ता करा, पण तो हाताने भरत बसू नका. सूत्राने आयडी जुळवा. ज्या जोडीचा मोबाइलही जुळला ती तक्त्यात घ्या. आयडी जुळला पण मोबाइल जुळला नाही, तर त्या जोड्या वेगळ्या काढून शाखेत फोन करा. उमरगा आणि कळंबचा घोळ याच यादीत सापडला. मोबाइल जुळून आयडी जुळत नसेल, तरी विचारूनच जोडा.

जोडल्यावर दोन आकडे पाहा. बिलिंगमधल्या ग्राहकांइतक्याच ओळी असायला हव्यात आणि उधारीची बेरीज पैशापर्यंत तीच यायला हवी. ओळी वाढल्या तर तक्त्यात एखादा आयडी दोनदा आला आहे. तो शोधताना `COUNTIF` नुसत्या आकड्यांवर चालवू नका. त्याला `00214` आणि `214` एकच वाटतात, मग ते मजकूर म्हणून का साठवलेले असेनात. ज्यांची जोडी सापडली नाही त्यांना रिपोर्टमधून गाळू नका, “अ‍ॅपमध्ये सापडले नाही” अशी वेगळी ओळ द्या. ती ओळ मालकांनी पाहिली की शाखेतून फोन लवकर उचलले जातात.