निफ्टीच्या पिनपाशी बटरफ्लाय: पंख अरुंद ठेवावेत की रुंद?

साप्ताहिक एक्स्पायरीला निफ्टी एखाद्या गोल आकड्याच्या स्ट्राइकपाशी चिकटून बंद होईल, म्हणजे तिथे पिन घडेल, असा अंदाज असणाऱ्याला बटरफ्लाय स्प्रेड सहज सुचतो, कारण त्याच्या परताव्याचा आकार तंबूसारखा असून तंबूचा खांब नेमका त्या स्ट्राइकवर रोवता येतो. प्रश्न उरतो तो तंबू किती रुंद असावा, एवढाच. बहुतेक जण नफा-जोखमीचे गुणोत्तर पाहून अरुंद तंबू निवडतात. माझ्या मते निर्देशांकाच्या बाबतीत ही निवड बहुधा चुकते, आणि का ते आकडे मांडून पाहिल्यावरच ध्यानात येते.

उदाहरणादाखल असे धरू की एक्स्पायरीच्या आदल्या दुपारी निफ्टी २५,००० वर आहे आणि पिनही तिथेच अपेक्षित आहे. २५,००० चा कॉल आणि पुट प्रत्येकी सुमारे ६० ला मिळतात, म्हणजे दोन्ही मिळून स्ट्रॅडल १२० ची झाली. निर्देशांक या स्ट्राइकपासून सरासरी १२० अंक दूर बंद होईल, असा बाजाराचा कयास या किमतीत दडलेला आहे.

अरुंद बटरफ्लायमध्ये २४,९५० आणि २५,०५० चा एकेक कॉल विकत घेऊन २५,००० चे दोन कॉल विकले जातात. सर्व स्ट्राइकना एकच अस्थिरता धरली, तर त्याची रास्त किंमत सुमारे ६.६ अंक येते. कमाल नफा ४३.४ अंकांचा, म्हणजे जोखमीच्या साडेसहापट. पण नफ्याचा पट्टा २५,००० च्या दोन्ही बाजूंना जेमतेम ४३ अंकांचा आहे आणि बाजाराच्याच कयासानुसार त्या पट्ट्यात बंद होण्याची शक्यता २३ टक्क्यांच्या आसपास आहे. रुंद बटरफ्लायमध्ये २४,८५० आणि २५,१५० हे पंख घेतले, तर किंमत सुमारे ५५.३ अंक होते. कमाल नफा ९४.७, म्हणजे जोखमीच्या पावणेदोन पटींहून किंचित कमी. मात्र नफ्याचा पट्टा दोन्ही बाजूंना ९५ अंकांचा आणि तिथे बंद होण्याची शक्यता सुमारे ४७ टक्के आहे.

साडेसहापट हा आकडा मोहात पाडतो खरा, परंतु बाजाराचा कयास अचूक असेल तर दोन्ही सौद्यांचा सरासरी परतावा शून्यच येतो, कारण मोठे गुणोत्तर ही कमी शक्यतेची किंमत आहे. म्हणून सौदा परवडतो की नाही हे ठरवताना गुणोत्तराआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: तुमचा कयास बाजारापेक्षा किती घट्ट आहे, आणि चार व्यवहारांच्या खरेदी-विक्री दरांतील फरकात किती पैसे गळतात.

ही गळती चार व्यवहारांची मिळून १.४ अंक धरू. रुंद बटरफ्लायची किंमत त्यामुळे ५६.७ होते आणि फारसे काही बिघडत नाही. अरुंदाची मात्र ६.६ वरून ८ होते, म्हणजे पाचव्या हिश्शाहून अधिक वाढते. आता तुमच्या मते निर्देशांक सरासरी १२० ऐवजी ८८ अंकच दूर बंद होणार असेल, तर तुमच्या हिशेबाने अरुंद बटरफ्लायचे मूल्य ८.९ आणि रुंदाचे सुमारे ७१ भरते. कयास एकच, पण अरुंदात ८ लावून ०.९ अंकाची आणि रुंदात ५६.७ लावून १४ अंकांची सरासरी कमाई दिसते. लावलेल्या पैशाच्या प्रमाणात पाहिले तर अनुक्रमे सुमारे ११ आणि २५ टक्के.

अरुंद बटरफ्लाय जिंकतो तो वेगळ्या परिस्थितीत, म्हणजे पिन खरोखर टोकदार असताना. निर्देशांक २५,००० च्या दहा अंकांच्या आत बंद होण्याची २० टक्के जादा शक्यता आहे आणि उरलेल्या ८० टक्के वेळा बाजाराचाच कयास लागू आहे, असे मानले तर अरुंदाचे मूल्य १४ च्या वर जाते, म्हणजे ८ अंकांवर जवळजवळ ८० टक्के कमाई. रुंदाची मात्र २९ टक्क्यांवरच राहते.

मग निर्देशांकात अशी टोकदार पिन कितपत संभवते? पिन घडते ती हेजिंगमुळे. ज्यांनी त्या स्ट्राइकचे ऑप्शन विकत घेऊन ठेवले आहेत आणि जे सतत हेज करतात, ते भाव वर गेला की विकतात आणि खाली आला की घेतात, त्यामुळे भाव स्ट्राइककडे ओढला जातो. हेज करणाऱ्यांनी तेच ऑप्शन विकलेले असतील तर नेमके उलटे होते आणि भाव स्ट्राइकपासून दूर ढकलला जातो. ओपन इंटरेस्टचा मोठा आकडा यांपैकी कोणती बाजू हेज करते आहे हे सांगत नाही, आणि केवळ त्या आकड्यावरून पिन गृहीत धरणे ही नेहमीची चूक आहे. शिवाय निफ्टीचा अंतिम भाव आजवर रूढ असलेल्या पद्धतीनुसार घटक शेअरांच्या शेवटच्या अर्ध्या तासातील व्यवहारांच्या भारित सरासरीवरून ठरतो. पन्नास शेअरांची ही सरासरी एका स्ट्राइकच्या दहा अंकांत खिळवून ठेवणे हे एका शेअरचा भाव खिळवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. म्हणून माझा कौल रुंदाकडे आहे. पिनचा अंदाज एका स्ट्राइकने हुकून निर्देशांक २५,०५० वर बंद झाला, तर अरुंद बटरफ्लाय शून्यावर येतो, रुंद मात्र १०० अंक देतो.

भांडवलाचा हिशेबही याच बाजूने झुकतो. सेबीने नोव्हेंबर २०२४ पासून एक्स्पायरीच्या दिवशी विकलेल्या निर्देशांक ऑप्शनवर २ टक्के जादा मार्जिन लागू केले आहे. ६५ चा लॉट धरला तर २५,००० वर एका विकलेल्या ऑप्शनमागे ३२,५०० आणि बटरफ्लायमधील दोघांमागे ६५,००० रुपये अडकतात, पंख कितीही अरुंद असले तरी. रुंद बटरफ्लायच्या एका लॉटची जोखीम सुमारे ३,६८५ रुपये आहे. तेवढीच जोखीम अरुंदात घ्यायला सात लॉट लागतील आणि केवळ हे जादा मार्जिनच साडेचार लाखांच्या पुढे जाईल.

रुंद प्रकारातही कॉलऐवजी आयर्न बटरफ्लाय घेणे सोयीचे पडते: २५,००० चा कॉल आणि पुट विकायचा, २४,८५० चा पुट आणि २५,१५० चा कॉल घ्यायचा. परताव्याचा आकार तोच राहतो, पण २४,८५० चा खोल कॉल टाळता येतो, ज्याच्या खरेदी-विक्री दरांतील फरक बऱ्याचदा जास्त असतो. विकत घ्यायचे ऑप्शन आधी घ्यावेत. अर्ध्यावर ऑर्डर अडकली तर उघडी विक्री हातात राहत नाही.

चार सत्रे आधी, स्ट्रॅडल २४० च्या आसपास असताना, हाच रुंद बटरफ्लाय साधारण २९ ला मिळतो आणि गुणोत्तर चौपटीचे दिसते, पण तेव्हा पिन कोणत्या स्ट्राइकवर बसेल हे सांगणे आदल्या दिवसापेक्षा कठीण असते. उलट एक्स्पायरीच्या दुपारी निर्देशांक नेमका २५,००० वर असून स्ट्रॅडल ४८ वर उतरली असेल, तर बटरफ्लायचे मूल्य १०२ च्या आसपास पोहोचलेले असते. त्या क्षणी पुढे थांबणे म्हणजे आणखी ४८ अंकांसाठी हातातले १०२ पणाला लावणे. पिन टिकेल यावर बाजारापेक्षा अधिक भरवसा ठेवण्याचे ठोस कारण नसेल, तर मी तिथेच सौदा बंद करतो. सरासरीची अर्ध्या तासाची खिडकी सुरू होईपर्यंत थांबलोच, तर तीन वाजल्यानंतर पडद्यावरच्या भावापेक्षा आतापर्यंत साचलेल्या सरासरीकडे लक्ष ठेवतो, कारण तीन पंचवीसला आलेली उसळी त्या सरासरीला फारशी हलवू शकत नाही.