डक्टला येणारा घाम आणि १९ मिमी नायट्राइल रबर: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

रत्नागिरीतील आमच्या प्रयोगशाळेत साडेपाच टनांचा डक्टेबल एसी असून त्याचा पत्र्याचा डक्ट फॉल्स सिलिंगच्या वरून सुमारे १२ मीटर गेलेला आहे. सलग तीन पावसाळे सिलिंगवर पिवळे डाग पडत होते आणि आम्ही स्लॅब गळतो असे समजून दोनदा गच्चीचे काम करून घेतले. शेवटी सिलिंगची एक टाइल काढली, तेव्हा डक्टवरील ग्लासवूलचा फॉइल खालच्या बाजूने फाटलेला दिसला. हाताने दाबताच त्यातून पाणी निथळले. फाटक्या फॉइलमधून दमट हवा आत शिरून गार पत्र्यावर पाणी धरत होती, आणि भिजलेले ग्लासवूल उष्णता अडवत नाही.

मे महिन्यात ते सर्व काढून बंद छिद्रांच्या नायट्राइल रबराचे शीट लावले. ठेकेदाराने आधी ९ मिमी जाडी सुचवली होती. डक्टमधील हवा १४ अंश, बाहेरची ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना दवबिंदू साधारण २६ अंशांवर येतो. माझ्या हिशेबाने ९ मिमीच्या बाहेरील पृष्ठभागाचे तापमान २५ अंशांच्या आसपास राहिले असते, म्हणजे घाम आलाच असता. १९ मिमीला ते २७ होते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली तर मात्र ही जाडीही पुरत नाही, म्हणून पावसाळ्यात सिलिंगच्या वरची जागा बाहेरच्या हवेसाठी बंद ठेवणे आवश्यक आहे. आम्ही गच्चीकडील जुने भोक बुजवले.

शीट लावण्याआधी पत्रा पुसून कोरडा केला, सांध्यांना सीलंट भरले आणि दोन्ही बाजूंना सोल्यूशन लावून ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबलो. ही घाई केली की शीटचे कोपरे महिन्याभरात सुटतात.

तरीही जुलैत दोन ठिकाणी थेंब पडले. शीट फ्लँजच्या अलीकडे-पलीकडे थांबवून फ्लँजच्या उघड्या लोखंडावर नुसती टेप मारलेली होती. दोन्ही बाजूंना रबराच्या पट्ट्या चढवून फ्लँजची उंची भरून काढली आणि त्यावरून रुंद पट्टी गुंडाळली, तेव्हा ते थांबले. डक्ट ज्या अँगलवर टेकलेला होता, तेथे मध्ये लाकडी ठोकळे घालावे लागले.

विजेच्या बचतीबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. पूर्वी एसीपासून शेवटच्या ग्रिलपर्यंत हवा सुमारे दीड अंशाने तापत असे, आता अर्ध्या अंशाने तापते. बिलातील फरक मला वेगळा काढता आला नाही, कारण त्याच वेळी फिल्टरही बदलले होते. डाग मात्र ऑक्टोबरपर्यंत एकही पडला नाही. एका अँगलजवळ हात लावला की अजून किंचित ओल लागते, तो ठोकळा पुढच्या मे महिन्यात बदलायचा आहे.