ब्लॉग बंद केला, होस्टिंग सोडलं, डोमेन सोडलं: दीड वर्षानंतरचा अनुभव

2010 साली सुरू केलेला माझा ब्लॉग, आजीच्या पाककृती आणि रामबागेतल्या जुन्या घरांच्या आठवणी, तीनशेच्या वर लेख होते. शेवटची चार-पाच वर्षं मी एक अक्षर लिहिलं नव्हतं, वर्डप्रेस अपडेट करणं राहून जायचं, एकदा कोणीतरी आत घुसून औषधांच्या जाहिराती टाकून गेलं, आणि दरवर्षी होस्टिंगचे पैसे जातच होते. म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारीत ठरवलं की आता बंद करायचा, पण नीट बंद करायचा. या सगळ्याला दीड वर्ष लागलं आणि त्यात एक मोठी चूक झाली, म्हणून हे सविस्तर लिहितेय. इथे डोमेन .com होतं, .in चे नियम थोडे वेगळे असतात हे लक्षात ठेवा.

नीट का म्हणते ते आधी सांगते. माझ्या आतेभावाचा ट्रेकिंगचा ब्लॉग होता, त्याने नुसतं रिन्यू करणं सोडून दिलं, आणि सहा-सात महिन्यांनी त्याच नावावर सट्ट्याची साईट सुरू झाली. एका शाळेच्या पानावर त्याच्या ब्लॉगची लिंक होती, ती पोरं थेट तिथे जायला लागली. बिचाऱ्याला काहीच करता येईना कारण नाव आता त्याचं नव्हतंच. पण मला जास्त भीती वाटली ती मेलची. डोमेन ज्याच्या ताब्यात त्याच्या ताब्यात त्या डोमेनचे सगळे ईमेल पत्ते, तुम्ही पूर्वी वापरलेलेसुद्धा. नवीन मालकाने कॅच-ऑल लावलं की कोणत्याही नावाने येणारा मेल त्याच्याकडे जातो, आणि मग ज्या ज्या साईटवर तुमचा तो जुना पत्ता लॉगिनला आहे तिथे "पासवर्ड विसरलो" दाबलं की लिंक त्याला मिळणार. मी पंधरा वर्षं तोच पत्ता सगळीकडे दिला होता, बँक, विमा, वीजबिल, सगळीकडे.

आधी बॅकअप घेतला. पीएचपीमायॲडमिनमधून डेटाबेस एक्स्पोर्ट करून फाईल उघडली तर मराठीच्या जागी हे असं दिसायला लागलं: `à¤®à¤°à¤¾à¤ à¥€`. हे "मराठी" आहे बरं का! जुन्या ब्लॉगमध्ये हे होतं कारण टेबल लॅटिन-1 म्हणून बनलेली असतात आणि आत बाइट मात्र यूटीएफ-8 चे असतात, साईटवर बरोबर दिसतं आणि एक्स्पोर्टमध्ये विस्कटतं. फाईल उघडूनच बघितली नसती तर दहा वर्षांनी कळलं असतं की हातात कचरा आहे. मग मी डेटाबेसचा नाद सोडला आणि जशी पानं ब्राउझरमध्ये दिसतात तशीच उतरवली, फोटोंसकट:

```
wget --mirror --page-requisites --convert-links \
     --adjust-extension --no-parent https://example.com/
```

घरचं नेट बंद करून ते फोल्डर उघडलं, आजीच्या अनारशांचा लेख फोटोसकट उघडला, तेव्हा जिवात जीव आला. दोन पेनड्राइव्हवर कॉपी, एक दादाकडे.

मग मार्चमध्ये लेख काढले. इथे बरेच जण सगळं डिलीट करतात आणि robots.txt मध्ये Disallow टाकतात, ते नका करू. गुगलला दारातच अडवलं तर पान गेलंय हे त्याला कळत नाही आणि जुनी लिंक शोधात तशीच पडून राहते. उलट त्याला आत येऊ द्या आणि 410 द्या, म्हणजे "होतं, आता कायमचं काढलंय". वर्डप्रेसच्या फाईली काढून .htaccess मध्ये जुनं सगळं पुसून ही एकच ओळ ठेवली:

```
Redirect gone /
```

`curl -I` करून बघितलं, पहिल्याच ओळीत 410 आलं. सर्च कन्सोलमधलं रिमूव्हल टूलसुद्धा वापरलं पण ते फक्त सहा-एक महिने लपवतं, खरं काम 410 च करतं. साधारण दोन-अडीच महिन्यांत माझ्या ब्लॉगची जवळपास सगळी पानं शोधातून गेली. एवढ्यासाठी होस्टिंग आणखी तीन महिने ठेवावं लागलं, पण ते पैसे वाया गेले असं मला अजिबात वाटत नाही. डेटाबेसही तेव्हाच होस्टिंगवरून पुसला, त्यात कमेंट करणाऱ्यांचे ईमेल होते, ते लोकांचे आहेत, माझे नाहीत.

आता चूक. जूनमध्ये होस्टिंग कॅन्सल केलं. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांनी काही वावगं केलं नाही, मीच बघितलं नाही. मला वाटत होतं डोमेन आणि मेल होस्टिंगवर नाहीत, वेगळीकडे आहेत, म्हणजे त्यांचा होस्टिंगशी संबंध नाही. दोन दिवस झाले, एकही मेल नाही. आधी बरंच वाटलं, शांतता आहे म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे खाता खाता भाचा म्हणाला, "मावशी, तुला काल दोनदा मेल केला, गेलाच नाही." तेव्हा पोटात गोळा आला. हे चालवून बघितलं:

```
dig NS example.com +short
```

काहीच उत्तर नाही. मग डोमेनच्या जुन्या माहितीत नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर, बघितले तर दोन्ही होस्टिंग कंपनीचेच! पंधरा वर्षांपूर्वी सेटअप करताना तसेच टाकले होते आणि विसरून गेले होते. होस्टिंग गेलं तसा त्यांच्याकडचा डीएनएस झोन, म्हणजे त्या सगळ्या नोंदींचा संच, गेला, मेल कुठे पोचवायचा ते सांगणारा एमएक्स गेला, सगळंच गेलं. बरं, नेमसर्व्हर बदलायला डोमेन कंपनीच्या खात्यात लॉगिन करायला गेले तर ओटीपी कुठे येणार? त्याच बंद पडलेल्या पत्त्यावर. म्हणजे कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप.

शेवटी त्यांच्या सपोर्टला पॅन कार्ड आणि जुनं बिल पाठवून खात्याचा ईमेल बदलून घेतला, नऊ दिवस गेले. पाठवणाऱ्याचा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस परत परत प्रयत्न करतो आणि मग मेल परत पाठवतो, त्यामुळे शेवटच्या काही दिवसांचे मेल नंतर आले पण सुरुवातीचे गेले ते गेलेच. त्यात आईच्या मेडिक्लेमचं रिन्यूअलचं पत्र होतं. एजंट काकांनी फोन केला म्हणून वाचले, नाहीतर पॉलिसी खंडित झाली असती.

म्हणून माझं म्हणणं, होस्टिंगला हात लावायच्या आधी वरची dig ची ओळ चालवा. उत्तरात होस्टिंगचे नेमसर्व्हर दिसले तर आधी ते डोमेन कंपनीच्या स्वतःच्या नेमसर्व्हरवर आणा, तिथे एमएक्स परत भरा, एक-दोन दिवस थांबा, स्वतःला बाहेरच्या पत्त्यावरून मेल करून बघा, आणि मगच होस्टिंग. आणि त्याच्याही आधी डोमेनच्या खात्याचा ईमेल जीमेल वगैरे वेगळ्या पत्त्यावर न्या. डोमेनच्या नोंदीतला मालकाचा ईमेल बदलला की त्यावर पडताळणीची लिंक येते, ती 15 दिवसांत दाबायची असते नाहीतर डोमेन सस्पेंड होतं, ती स्पॅममध्ये जाऊन पडते म्हणून मुद्दाम सांगते. होस्टिंग बंद झाल्यावर डीएनएसमधला जुन्या सर्व्हरचा आयपी दाखवणारा ए रेकॉर्डही काढून टाका, कारण तो आयपी उद्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला मिळतो आणि तुमच्या नावावर त्याची साईट दिसू शकते.

डोमेन ऑगस्टमध्ये संपत होतं, ते मी आणखी एका वर्षासाठी रिन्यू केलं. हे म्हणाले, "बंदच करायचाय तर पैसे कशाला भरतेस?" पण मला ते वर्ष हवंच होतं. सगळा मेल जीमेलवर फॉरवर्ड लावला, त्याला जीमेलमध्ये वेगळं लेबल दिलं, आणि लेबलमध्ये जे जे येईल तिथे जाऊन पत्ता बदलायचा. सुरुवातीला जुन्या मेलबॉक्समध्ये verify, welcome, invoice असं शोधून चाळीसेक खाती सापडली, वाटलं झालं. पण काही ठिकाणांहून वर्षातून एकदाच मेल येतो ना! मार्चमध्ये पीपीएफचं स्टेटमेंट आलं, जूनमध्ये म्युच्युअल फंडाचं, जुलैत आयकराच्या पोर्टलवरून रिटर्नची आठवण, तिथे अजून जुनाच पत्ता होता. शोधून सापडली नव्हती अशी अकरा खाती नुसती वाट बघण्याने सापडली, आणि त्यातली बरीचशी पैशांचीच. वर्षापेक्षा कमी ठेवलं असतं तर ही राहिली असती.

शेवटचे काही आठवडे मी फॉरवर्ड काढून "इथे मेल घेत नाही" असा रिकामा एमएक्स टाकला:

```
example.com.  MX   0 .
example.com.  TXT  "v=spf1 -all"
```

पहिल्या ओळीने पाठवणाऱ्याला लगेच मेल परत मिळतो, त्यामुळे माणसं फोन करून विचारतात की पत्ता बदललाय का. दुसरीमुळे त्या नावाने कोणी खोटा मेल पाठवला तर समोरच्या सर्व्हरला ओळखता येतं. या काळात तीन फोन आले, तिन्ही नातेवाइकांचे.

मग ऑगस्टमध्ये सोडलं. नुसतं एक्स्पायर होऊ दिलं तर बऱ्याच कंपन्या मधल्या काळात नाव लिलावात काढतात, म्हणजे ते मोकळं न होता सरळ दुसऱ्याच्या हातात जातं. मी खात्यातून डिलीट करायला लावलं. स्टेटस आधी `redemption period` झालं, ते 30 दिवस, या काळात नाव परत घेता येतं पण दंड बराच जास्त असतो. मग `pending delete`, 5 दिवस, यात काही म्हणता काही करता येत नाही. सप्टेंबरच्या मध्यात नाव मोकळं झालं. त्याआधी ऑटो-पे चा मँडेट बँकेच्या ॲपमधून रद्द केला होता, कारण होस्टिंग बंद असूनही त्याच्याबरोबरचं बॅकअपचं ॲड-ऑन वेगळं रिन्यू होणार होतं, बँकेचा आदल्या दिवशीचा मेसेज आला म्हणून दिसलं.

नाव मोकळं झाल्यावर आठवड्याच्या आत कोणीतरी घेतलं, सध्या त्यावर नुसतं जाहिरातींचं पान आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. हे थांबवता येत नाही, .com मोकळं झालं की कोणीही घेऊ शकतं. पण आता त्या नावावर माझं एकही खातं नाही हे मला माहीत आहे.

एकच राहिलं होतं. 2012 मध्ये आम्ही आजीच्या पाककृतींची छोटी पुस्तिका छापली होती, तिच्या मागच्या पानावर ब्लॉगचा पत्ता आहे. जवळच्या वाचनालयात तिच्या सात प्रती आहेत. गेल्या रविवारी गेले, काकांना विचारलं, त्यांनी सहा प्रती काढून दिल्या आणि सहाही पत्त्यांवर मी पांढरी चिकटपट्टी लावली. सातवी प्रत कोणीतरी घरी नेली आहे, ती परत आली की काका कळवणार आहेत.