योहानसेन की एआरडीएल? किरकोळ-घाऊक भाजीच्या भावांसाठी मी शेवटी काय वापरतो

भाजीच्या किरकोळ आणि घाऊक भावांची साप्ताहिक मालिका हातात आहे, लॉग घेऊन झालाय, कोइंटिग्रेशन म्हणजे काय हे ठाऊक आहे, आता गाडी पुढे न्यायची तर योहानसेनवाला व्हीईसीएम लावायचा की एआरडीएलची बाउंड्स टेस्ट, एवढाच प्रश्न असेल तर हे वाचा. एंगल-ग्रेंजरची दोन टप्प्यांची पद्धत मी मुद्दामच बाजूला ठेवलीये, कारण किरकोळ भाव डावीकडे घेतला की एक उत्तर आणि घाऊक डावीकडे घेतला की दुसरं, हा प्रकार मला एकदाच पुरला.

दोन्हीकडे शेवटी हवं असतं ते एकच समीकरण:

```
Δr[t] = c + α·(r[t-1] − β·w[t-1]) + γ·Δw[t] + ...
```

r किरकोळ, w घाऊक. समजा β ०.७, γ ०.३ आणि α −०.२ आला, आणि घाऊक भाव १० टक्के चढून तिथेच थांबला. त्याच आठवड्यात किरकोळ ३ टक्के चढेल, शेवटी पोचायचंय ७ टक्क्यांवर, म्हणजे ४ टक्के बाकी राहिले, त्यातला पाचवा हिस्सा पुढच्या आठवड्यात भरून निघतो, मग उरलेल्याचा पाचवा हिस्सा, असं करत निम्मी तफावत साधारण ३ आठवड्यांत मिटते. β एकापेक्षा कमी आला म्हणून घाबरू नका. वाहतूक, नासाडी, विकणाऱ्याची दिवसाची मजुरी यातला बराच भाग भावाबरोबर हलत नाही, घाऊक २० आणि किरकोळ ३० असेल आणि मधले १० पक्के असतील तर घाऊकच्या १ टक्क्याला किरकोळ ०.६७ टक्केच हलणार. (लॉग न घेता साध्या भावांवर मॉडेल बसवायचा मुद्दा इथूनच निघतो, पण तो वेगळा विषय.)

आता योहानसेन. कागदावर हाच सरस, यात वाद नाही. कोण कोणाच्या मागे जातं हे आधी गृहीत धरावं लागत नाही, दोन्ही भावांना आपापला α मिळतो, आणि शेतावरचा भाव, घाऊक आणि किरकोळ अशा तीन पायऱ्या असतील किंवा चार-पाच बाजार एकत्र बघायचे असतील तर याला पर्याय मला तरी सापडला नाही.

पण माझं डोकं फिरलं ते एका गोष्टीने. दोन मालिका असताना रँक एक यायला हवी, शून्य आली तर नातं नाही, आणि दोन आली तर अर्थ असा की दोन्ही मालिका मुळातच स्टेशनरी आहेत, म्हणजे कोइंटिग्रेशनचा प्रश्नच उरत नाही. मला दोन यायची. एडीएफ म्हणायची युनिट रूट आहे, योहानसेन म्हणायचा नाही, आणि मी मधे. भाजीच्या बाबतीत हे होणारच होतं खरंतर, कारण भाव वाढले की पुढच्या हंगामात लागवड वाढते, भाव पडतात, मग लागवड आटते, त्यामुळे काही वर्षांची मालिका धड भटकणारीही नसते आणि धड जागेवर राहणारीही नसते.

त्यात कॉन्स्टंटची भानगड. मोकळा कॉन्स्टंट ठेवला तर दुसऱ्या पायरीला, म्हणजे रँक एक की दोन हे ठरवताना, ट्रेसची ५ टक्क्यांची मर्यादा ३.८४. कॉन्स्टंट नात्याच्या आत बांधला तर तीच मर्यादा ९.१६. माझा आकडा ५ च्या आसपास, आकडाही पर्यायाप्रमाणे थोडा हलतो, पण निकाल ठरत होता मर्यादेवर: एकीकडे रँक दोन, दुसरीकडे एक. नंतर कळलं की ३.८४ लागू पडते ती मालिकेत खरोखर सरळ चढ असेल तरच, चढ नसताना ती वापरली तर चाचणी उगाचच रँक वाढवून देते. आणि मी जी पायथन लायब्ररी वापरत होतो तिच्या चाचणीत बांधलेल्या कॉन्स्टंटचा पर्यायच नव्हता. चूक माझीच म्हणा, पण एका खुणेवर अख्खा निष्कर्ष उलटत असेल तर तो दुसऱ्याला कसा समजावायचा?

एआरडीएलकडे वळलो ते यामुळेच. बाउंड्स टेस्टला मालिका आय-झिरो आहे की आय-वन हे आधी ठरवावं लागत नाही. दोन मर्यादा असतात, एका स्पष्टीकरण-चलासाठी, मोकळ्या कॉन्स्टंटसह, ५ टक्क्यांना ४.९४ आणि ५.७३. एफ वरच्या मर्यादेच्या पुढे गेला तर नातं आहे, खालच्याच्या आत राहिला तर नाही, मधे अडकला तर मात्र पुन्हा युनिट रूटच्याच दारात. निदान आपण अडकलोय हे ती तोंडावर सांगते.

```python
coint_johansen(df[["r","w"]], det_order=0, k_ar_diff=2).lr1
UECM(df["r"], 3, df[["w"]], 2, trend="c").fit().bounds_test(case=3)
```

फुकट काही मिळत नाही. इथे तुम्ही धरून चालता की किरकोळ भाव घाऊकच्या मागे जातो, उलटं नाही. हे तपासायला मी तीच तफावत मागच्या आठवड्याची घेऊन Δw च्या समीकरणात टाकतो, तिथला α शून्याजवळ निघाला तर निर्धास्त. माझ्याकडे बहुतेक भाज्यांना तसाच निघाला, एका-दोन ठिकाणी नाही निघाला तिथे निमूट व्हीईसीएमकडे परत गेलो. एफसोबत r[t-1] चा टीही बघा, नुसता एफ कधीकधी घाऊकच्या जोरावर पास होतो.

एकेरी समीकरणाचा मला आवडणारा फायदा म्हणजे चढ-उतार वेगळे बघणं. तफावतीचा एक कॉलम तोडून दोन करायचे, किरकोळ आपल्या जागेच्या खाली असतानाचा आणि वर असतानाचा. खाली असताना α −०.३ आणि वर असताना −०.१ आला, तर घाऊक चढल्यावर निम्मी तफावत २ आठवड्यांत मिटते आणि उतरल्यावर साडेसहा आठवडे रेंगाळते. अर्थात दोन्ही α खरंच वेगळे आहेत का याची वॉल्ड टेस्ट लावल्याशिवाय असं बोलू नये, भाव कोसळायचे आठवडे मोजकेच असतात आणि एखादाच मोठा आठवडा सगळं ओढून नेतो.

हे सगळं करण्याआधी किरकोळची मालिका मात्र डोळ्यांनी बघा. माझा एका भाजीचा α −०.०५ वर बसला होता, मी दोन दिवस लॅग बदलत बसलो, आणि शेवटी फाईल उघडली तर सलग पाच आठवडे तोच भाव, दशांशासकट. भाव नोंदवणाऱ्याने जायला जमलं नाही तेव्हा मागचाच आकडा उतरवला होता. असे आठवडे काढून, रिकाम्या जागा सरळ रेषेने न भरता, परत चालवलं तर −०.१८.